साहेबांचा रिप्लाय

हिंजवडीच्या ऑफिसात आमच्या टीमची मेलिंग लिस्ट मी सांभाळायचो. चर्चा सगळ्यांना दिसावी म्हणून मॅनेजरसाहेबांनी हट्टाने तिच्या मेलवर उत्तरासाठी लिस्टचाच पत्ता लावून घेतला. "साधा रिप्लायही सगळ्यांना जाईल. एकट्याला लिहायचं तर त्याचा पत्ता स्वतः टाका," मी बजावलं.

"अहो, एवढं कळतं आम्हाला."

कळत होतं म्हणे! एका सहकाऱ्याने लिस्टवर खडकवासल्याच्या सहलीचं विचारलं. साहेबांनी त्याला म्हणून रिप्लाय केला: "डायरेक्टर येणार असतील, तर मी आजारी." तो डायरेक्टरसकट सगळ्यांना पोचला.

मीही मुद्दाम लिस्टवरच कळवलं, "साहेब, हे सगळ्यांना गेलंय."

साहेबांनी पुन्हा रिप्लायच दाबला. सगळ्यांच्या मेलमध्ये उत्तर आलं: "गप्प बसा, कुणी वाचलं नसेल."