कुंकू लावलेलं कार्ड

नवीन कार्ड आलं की माझी कामं ठरलेली. मागे सही करायची, एटीएममध्ये पिन घालायचा, जुनं कार्ड कात्रीने कापायचं. आमच्या पार्ल्याच्या घरात त्याआधी आणखी एक काम असतं. सासूबाई कार्ड देव्हाऱ्यात ठेवतात आणि त्याला हळदकुंकू लावतात. फ्रिजला लावलं तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, मग कार्डानेच काय केलंय?

त्या रविवारी मुलीला परदेशी विद्यापीठांना लागणाऱ्या परीक्षेची नोंदणी करायची होती. अंधेरीच्या केंद्रात मोजक्याच जागा उरल्या होत्या. त्या गेल्या तर थेट नाशिक. फी डॉलरमध्ये, परदेशी वेबसाइटवर. मी कार्डाचा नंबर वाचून दाखवला, तिने टाइप केला. नकार आला. खात्यात पैसे भरपूर होते, मी सकाळीच पाहिले होते.

नवऱ्याने कार्ड उन्हात धरलं. चिपवर कुंकू दिसतंय म्हणाला आणि चष्म्याच्या फडक्याने घासायला बसला. सासूबाईंना ते लागलं. कालच याच कार्डाने किराणा आला, तेव्हा कुंकू आडवं आलं नाही, हे त्यांनी स्वयंपाकघरातूनच सुनावलं. मग त्याने चिपवर फुंकर मारली आणि मुलीला पुन्हा बघायला सांगितलं.

"बाबा, कार्ड लॅपटॉपला लागतच नाही. नुसता नंबर जातो."

"तरी बघ ना."

तिने बघितलं. नकार.

मी बँकेला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं की कार्ड चांगलं आहे. नवीन कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंदच असतात, ते अ‍ॅपमध्ये आपणच चालू करायचे. घाईत मी 'ऑनलाइन'चं बटण दाबून मोकळी झाले. तिसरा नकार. ते बटण 'भारतात' या भागातलं होतं. शेजारी 'भारताबाहेर' असा वेगळा भाग होता, आणि त्यातलं सगळं बंद.

"आता भारताबाहेरचं चालू करते," मी मोठ्याने म्हटलं.

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "पोरगी तर ही समोरच बसलीय गो. बाहेरचं कशाला?"

वेबसाइट बाहेरची आहे, मुलगी इथलीच आहे, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं म्हणजे त्यांचं फारसं चुकतही नव्हतं; परीक्षा शेवटी बाहेर जाण्यासाठीच होती. त्या कोचावर नातीला चिकटून बसल्या. मी बटण दाबलं, मर्यादा वाढवली, ओटीपी घातला. या वेळी पैसे गेले. जागा अंधेरीचीच मिळाली.

मुलगी उठून नाचली. सासूबाई माझ्या फोनकडे बघत होत्या.

"झालं ना काम? मग ते बाहेरचं बंद कर."

एरवीही मी केलंच असतं. पण त्यांच्यासमोर फोन धरून केलं, त्यांना दाखवलं. मग त्यांनी नवऱ्याच्या हातातून कार्ड घेतलं आणि कुंकू पुन्हा लावायला देव्हाऱ्याकडे गेल्या.