सभागृहाची लाल जमीन आणि इंदुबाईंची थापी

इंदुबाईंनी वीस वर्षांहून अधिक काळ दुसऱ्यांनी केलेल्या जमिनी घासल्या. हडपसरजवळच्या मांजरी गावाहून त्या दीर कोंडीराम यांच्याबरोबर कामावर येत. घमेले उचलणे, चाळणी मारणे, पाणी धरणे आणि शेवटी गुडघ्यांवर बसून गुळगुळीत गोट्याने जमीन घोटणे, एवढेच काम त्यांच्या वाट्याला येई. थापी मात्र कोंडीराम यांच्या हाती. बाईने थापी धरायची नाही, हा या व्यवसायाचा रिवाज कोणी लिहून ठेवलेला नव्हता; म्हणूनच तो मोडायला कोणी धजावत नव्हते.

आमच्या एरंडवण्यातील सोसायटीच्या सभागृहात लाल सिमेंटची जमीन आहे. काळ्या पट्ट्यांनी तिचे मोठे चौकोन पाडलेले आहेत. नीरजाताई तेथे कथकचा वर्ग घेतात. दोन हजार पाच साली, उन्हाळ्याच्या तोंडी, मोरीच्या गळक्या नळामुळे कडेचे दोन चौकोन फुगले. वर नाणे वाजवले की आतून पोकळ आवाज येई. समितीतील तरुण सभासद सलिल खराडीच्या एका संगणक कंपनीत नोकरीला होते. समितीत मीही होतो; त्यांनी मला सरळ सांगितले.

"काका, सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स टाकू. वीकेंडमध्ये काम संपेल."

"आणि माझ्या मुली काचेवर तत्कार करतील?" नीरजाताई म्हणाल्या. "पाय सटकला, तर हाडे जुळायला एक वीकेंड पुरत नाही, सलिल."

अखेर असे ठरले की नळ आधी दुरुस्त करावा आणि एक चौकोन करून पाहावा. जमला तर दुसरा करावा. न जमल्यास टाइल्स.

कोंडीराम यांनी तो चौकोन केला. हात त्यांचा चांगला होता, पण त्या काळात हडपसरकडे इमारती इतक्या झपाट्याने उठत होत्या की त्यांना एकाच दिवशी तीन ठिकाणी पोचायचे असे. माल त्यांनी पातळ कालवला. वर पाणी सुटले. ते आटण्याची वाट न पाहता त्यांनी कोरडे सिमेंट भुरभुरले, पाणी शोषून घेतले, घाईने थापी फिरवली आणि मोटारसायकलला किक मारली. आठवडाभरात त्या चौकोनावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या आणि नखाने खपल्या निघू लागल्या.

सलिल यांनी टाइल्सचे नमुने आणले. समितीची बैठक त्याच सभागृहात भरली. कोंडीराम मान खाली घालून उभे होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"दुसरा चौकोन मी करते."

सर्वांनी वळून पाहिले. इंदुबाई पदर खोचून उभ्या होत्या.

"वयनी, गप बसा," कोंडीराम पुटपुटले. "बाईच्या हाती थापी दिली, तर गावात माझं तोंड दिसंल का?"

"आत्ता लई दिसतंय! त्या खपल्यांत बघा जरा." मग त्या आमच्याकडे वळल्या. "सायेब, बिघडला तर टाइल टाका, आन् मी जल्मभर घमेलं वाहीन. पर जमला तर हितली समदी जमीन माझ्या हाती द्यायची. गवंडी म्हणून."

सलिल हसले. "मावशी, डील!"

मला त्या क्षणी जो उत्साह वाटला, तो निवृत्तीनंतर प्रथमच वाटला, हे नमूद करणे आवश्यक आहे.

इंदुबाईंनी कामाला हात घालण्यापूर्वी रंगाच्या पापड्या केल्या. सिमेंट आणि तांबडा रंग कोरडेच मिसळून, चाळून, वेगवेगळ्या प्रमाणांत थोडे थोडे कालवले आणि ते लाटलेल्या पापडांसारखे सावलीत वाळत घातले. ओला रंग फसवतो. वाळल्यावर तो फिका पडतो. वाळलेल्या पापड्या जुन्या जमिनीवर ठेवून त्यांनी एक निवडली. मग तेवढ्याच प्रमाणाचा सगळा माल एकाच वेळी मिसळून ठेवला.

"पुन्हा लागला तर पुन्हा मिसळता येईल की," सलिल म्हणाले.

"पुन्हा केलेली आमटी कधी पयल्यासारखी लागलीय का?"

त्यांनी पोकळ थर काळ्या पट्टीपर्यंत काढला, तळ खरवडून धुतला आणि रात्रभर भिजत ठेवला. सकाळी वाळू-सिमेंटचा घट्ट थर दिला आणि तो ओलसर असतानाच वर लाल थर ओढला. खिडक्यांपाशी निम्मी सोसायटी उभी होती. कोंडीराम दाराला टेकून, हाताची घडी घालून पाहत होते.

आता थांबायचे होते. इंदुबाई अंगठा टेकवून पाहत. अंगठा रुतला, तर घाई. ठसाच उमटला नाही, तर वेळ गेलेली. एवढ्यात वरचे तिन्ही पंखे भरधाव फिरू लागले.

"लवकर वाळेल म्हणून लावले," सलिल मदत केल्याच्या आनंदात म्हणाले.

"बंद करा! आधी बंद करा! वाळवायचं न्हाई तिला, मुरवायचंय!"

पंखे थांबले, खिडक्या लागल्या, पण मे महिन्याच्या झळांनी आपले काम केले होते. एक कडा पटापट सुकून ओढली जाऊ लागली. इंदुबाईंनी थापी टाकून पोलादी नैला, म्हणजे घोटायची सपाट पट्टी, उचलला आणि घोटायला सुरुवात केली. मध्यभाग अजून ओला, कडा कडक होत चाललेली. एका माणसाचे हात दोन्हीकडे पुरणार नव्हते. कडेवर पाण्याचा हलका शिडकावा हवा होता, तोही बेताने. त्यांनी मान वर न करता हाक मारली.

"भावजी, पाणी!"

कोंडीराम हलले नाहीत.

"भावजी, मंग रुसा! आत्ता पाणी!"

कोंडीराम यांनी एकदा खिडकीतील चेहऱ्यांकडे पाहिले, एकदा त्या कडेकडे. मग चपला भिरकावून ते चौकोनावर आडव्या टाकलेल्या फळीवर उतरले, बादली ओढली आणि बोटांनी पाणी शिंपडू लागले.

"एवढं नगं. धुकं पडल्यावानी."

"म्हाईतीय मला."

"मंग तसंच करा की."

तासन्‌तास त्या दोघांचे हात आणि जिभा एकाच वेगाने चालत होत्या. नैल्याखाली जमीन हळूहळू गडद झाली, मग चमकू लागली आणि शेवटी तिच्यात खिडकीची चौकट स्पष्ट दिसली. नीरजाताईंनी टाळ्या वाजवल्या; मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी चौकोनाभोवती मातीचे बांध घालून पाणी साठवले. सलिल ऑफिसला जाण्यापूर्वी स्वतः पाण्याची पातळी पाहत. पुढे पाणी काढून जमीन पूर्ण वाळू दिली, खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि समिती पुन्हा जमली. सलिल यांनी नाणे वाजवले: आवाज भरीव. भिंग घेऊन पाहिले: एकही भेग नाही. रंग किंचित ताजा होता. तो पायांखाली मुरेल, असे इंदुबाई म्हणाल्या. नीरजाताईंनी चक्कर घेतली. एक, मग दुसरी, मग मोजणे अशक्य झाले.

"ठराव मांडतो," सलिल ओरडले, "टाइल्स रद्द!"

सर्व हात वर गेले.

आज इंदुबाई मांजरीच्या नव्या बंगल्यांत लाल जमिनी करतात आणि मालकांना बजावतात की लाल जमीन असो वा शहाबादी फरशी, ॲसिड लावाल तर मला बोलवू नका; साधे पाणी आणि अधूनमधून तेलाचे फडके पुरे. पण माझ्या मनात राहिली आहे ती ठरावानंतरची सकाळ. कोंडीराम यांनी बिघडवलेला चौकोन फोडायला दोघे आले, इंदुबाई चार पावले पुढे. पहारेकऱ्याने नेहमीप्रमाणे विचारले, "मिस्त्री कोण?"

कोंडीराम यांनी घमेले डोक्यावर चढवले.

"म्होरं गेल्यात," ते म्हणाले, "आन् वाट सोड, उशीर झाला तर मला बोलत्याल."