पाळीआधीचे आकडे

चष्मेवाल्यांची सगळी हयात भिंगं घासण्यात गेली. समोरच्याच्या डोळ्याला काय खुपतंय ते त्यांना चटकन कळायचं. घरातली गोष्ट मात्र त्यांना फार उशिरा दिसली.

बायको गेली तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. घरात तिला ठमी म्हणायचे. नवव्या वर्षी तिला मधुमेह निघाला, तोही इन्सुलिनवाचून एक दिवस न निभणारा. चष्मेवाले सुई टोचायला शिकले, ताटातला भात वाटीनं मोजायला शिकले. रोजचे आकडे ते वहीत सुबक अक्षरात मांडायचे. डॉक्टर ती वही कौतुकानं शेजारच्या खोलीत दाखवून आणत.

ठमी चौदाची झाली आणि वही बिघडली. तीन आठवडे बरे जायचे, मग एक आठवडा आकडे दोनशेच्या खाली यायचं नाव घेत नसत. दोनशे साठ, दोनशे नव्वद. डबे तेच, सुया त्याच, औषध तेच.

"काय खाल्लंस?"

"काही नाही, बाबा."

"आकडे खोटं बोलतात का?"

दुसऱ्या महिन्यात तेच, तिसऱ्यातही तेच. मग कपाटाला कुलूप लागलं. शाळेतून आल्यावर ते तिचं दप्तर उलटं करून झटकायचे. एकदा त्यातून पातळ कागदात गुंडाळलेलं काहीतरी पडलं, तशी तिनं झडप घालून ते पोटाशी धरलं. चष्मेवाल्यांना वाटलं, चॉकलेट. त्यांनी हिसकावून घेतलं, उघडलं आणि खालमानेनं परत दिलं.

तिथंच विचारायला हवं होतं. पण जीभ रेटली नाही.

आठव्या महिन्यात आकडे पुन्हा चढले, तेव्हा चष्मेवाल्यांनी डॉक्टरांना न विचारताच दिवसभर पुरणारं इन्सुलिन अठरा युनिटांवरून चोवीसवर नेलं. आकडे थोडे उतरले. 'बघ, आता कशी वठणीवर आली,' असं ते मनात म्हणाले. ते साखरेला म्हणाले की मुलीला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी ठमी न्हाणीघरातून बाहेर येईना. त्यांनी दार ढकललं. ती भिंतीला टेकून बसली होती, घामानं चिंब, ओठ पांढरे, आणि शब्द एकमेकांत अडकत होते. बोटाला टोचलं तर अठ्ठेचाळीस. गिळता येत होतं हेच नशीब. साखरेचं पाणी त्यांनी घोटाघोटानं पाजलं. पंधरा मिनिटांनी ब्याऐंशी झाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरनं वही पुढून मागून चाळली.

"ह्यात पाळीच्या तारखा कुठं आहेत?"

चष्मेवाले छताकडे बघू लागले. ठमीनं भूगोलाच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथं पेन्सिलीनं बारीक टिंबं होती, आठ महिन्यांची. सिस्टरनं दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. प्रत्येक टिंबाच्या आधीचा आठवडा चढलेला, आणि टिंबापासून उतरलेला.

"पाळीआधी शरीरातली संप्रेरकं वाढलेली असतात, तेव्हा इन्सुलिन नेहमीसारखं लागू पडत नाही. पाळी आली की ती घसरतात, मग तेच इन्सुलिन जोरात लागतं. शनिवारी हिची पाळी आली आणि तुमचे चोवीस तसेच चालू राहिले. सगळ्याच जणींचं असं होत नाही. हिचं होतं."

"म्हणजे ती काही खात नव्हती?"

"ती काय म्हणत होती?"



डॉक्टरांनी नवा हिशेब आखून दिला. त्या आठवड्यात डोस थोडा वाढवायचा, पाळी सुरू होताच मूळ अठरावर आणायचा, त्या दिवसांत जास्त वेळा तपासायचं. दोन महिन्यांत गाडी रुळावर आली.

त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना ते जिन्यात थांबले. "चुकलंच माझं, ठमे."

"असू दे, बाबा," ती म्हणाली आणि पुढं चढून गेली.

असू दे, एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. त्यांनी कुलूप काढून फेकून दिलं, पण ठमी कपाटापुढं उभी राहून "घेऊ का?" विचारल्याशिवाय काही उचलेना. वही तिनं आपल्याकडे ठेवली. तारखा, डोस सगळं तिचं ती बघे. अडलं तर आत्याला फोन करी, बाबांना नाही.

आता ती दुसऱ्या गावात नोकरी करते आणि आत्या चष्मेवाल्यांकडे राहायला आली आहे. तब्येत उत्तम आहे, आत्या सांगते. रविवारी फोन येतो. ती दुकानाची चौकशी करते, गुडघ्याची करते. साखरेचं विचारलं की म्हणते, "बरी आहे," आणि आत्याला हाक मारायला सांगते.

"किती दिवस मनाला लावून घेशील?" बहीण परवा म्हणाली. "तू काय मुद्दाम केलंस का?"

"मुद्दाम नाही केलं," चष्मेवाले म्हणाले. "पण ती आठ महिने खरं बोलत होती गं, आणि घरात ऐकायला मी एकटाच होतो."

बहिणीनं चहाचे कप उचलले आणि ती आत गेली.