शिंपीणबाईंचं माप

अगं, पुढं ऐक ना. सकाळी फिरताना शिंपीणबाई रिपोर्ट नाचवत म्हणाली, "वाईट कोलेस्टेरॉल तुझं एकशे दहा, माझंही एकशे दहा. मग गोळी मलाच का? दिली सोडून!"

गेल्या वर्षीच झटका येऊन तिच्या हृदयात स्टेंट बसवलाय.

म्हटलं, "बये, एकाच मापाचा ब्लाउज सगळ्यांना शिवतेस का? झटका आलेल्याला आकडा माझ्यापेक्षा खूप खाली लागतो. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोरच सांगितलं होतं."

"पण मला काही त्रासच नाही."

"झटका काय दार वाजवून येतो?"

हट्टी बाई, तिचा भरवसा नाही. तू तिच्या सुनेला आत्ता कळव, सासूबाईंनी गोळी सोडलीय, आजच डॉक्टरीणबाईंकडे न्या.