७८०५ चा खण

मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या खिडकीखाली चौसष्ट खणांचं एक कपाट आहे. ते माझं. नवऱ्याचं नाही, मुलाचं नाही, माझं. घरी येणारा प्रत्येक पुरुष ते बघून नवऱ्याला विचारतो, "वा, तुझा छंद का?" आणि माझं डोकं फिरतं.

प्रत्येक खणावर चिठ्ठी आहे. '१० के, पाव वॅट' म्हणजे दहा हजार ओहमचे रेझिस्टर. '१०४, सिरॅमिक' म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. '५५५, आठ पायांची' ही टायमरची चिप. चिठ्ठीवर किंमत, आकार आणि पेन्सिलीने शिल्लक. खणातला शेवटचा तुकडा घेतला की चिठ्ठी उलटी करायची, म्हणजे लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना यादी आपोआप तयार. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे वापरायला नेलेला भाग परत आणला तर थेट खणात टाकायचा नाही. तो परतीच्या डब्यात टाकायचा. त्याच्यावरचं नाव वाचून, मीटर लावून, खणात मीच ठेवणार.

हा नियम माझ्या धाकट्या दिरासाठी होता. तेही माझ्यासारखेच सोल्डरवेडे. घाटकोपरहून दर रविवारी येतात, जेवतात आणि खण उघडतात.

आता बेलची गोष्ट. सासरे असताना मी दाराची बेल बनवली होती. पाच व्होल्टवर चालणारी, आवाज साठवणारी चिप, दहा सेकंदांची. सासऱ्यांनी तिच्यात आपल्या आवाजात भरलं होतं, "अहो, दार उघडा, कोण आलंय बघा." सासूबाईंना ते दारावर माणूस आला की 'अहो' म्हणून हाका मारायचे, चिडवायला. ते गेले त्याला तीन वर्षं झाली. बेल तेच बोलायची आणि आई, म्हणजे सासूबाई, प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून "आले, आले" म्हणत यायच्या. दूधवाल्यालाही.

एका शनिवारी बेल मुकी झाली. उघडून पाहिलं, अॅडॉप्टरमधून बारा व्होल्ट नीट येत होते, त्यांचे पाच करणारा रेग्युलेटर मेला होता. '७८०५, टीओ-२२०' म्हणजे पाच व्होल्टच्या रेग्युलेटरचा खण उघडला, एक उचलला, तीन पाय सोल्डर केले, प्लग लावला. आई मागे उभ्या होत्या, हातात पोळपाट तसाच. बेल एकदा कर्कश ओरडली आणि जळका वास आला.

रेग्युलेटर काढून भिंगाखाली धरला. वर छापलं होतं ७८१२. बारा व्होल्टचा. अंग तेच, तीन पाय त्याच क्रमाने. पाच व्होल्टच्या चिपला दहाच्या आसपास मिळाले आणि ती भाजून निघाली. खण हलवून पाहिला तर आत आणखी दोन ७८१२.

रविवारी दीर दारात उभे राहिले तसे मी चपलाही काढू दिल्या नाहीत. "भाऊजी, ७८०५ मध्ये ७८१२ कोणी टाकले?"

"मीच टाकले असतील, गेल्या महिन्यात उरले होते. डबा भरला होता ना, म्हटलं तुमचं काम वाचेल."

"काम वाचेल? वाट लावलीत तुम्ही माझी! डबा कशाला आहे मग?"

"पण वहिनी, लावायच्या आधी वाचायचं ना! वर मोठ्या अक्षरात छापलंय. मीटरनं मोजायचं तरी."

हेच मला झोंबलं. कारण त्यांचं खरं होतं. परक्याच्या खणातला तुकडा मी भिंगाशिवाय हातात धरत नाही. माझ्या चिठ्ठीवर मात्र डोळे मिटून विश्वास. पण म्हणून काय खणात घाण करायची? चिठ्ठी म्हणजे शब्द असतो. मी तेच ओरडून सांगितलं. ते म्हणाले, एवढं काय, चिप नवी मिळते. मी म्हटलं, चिप मिळते, भाऊजी. मग दोघंही एकदम बोलायला लागलो, पायांचे क्रम, व्होल्ट, डबा, भिंग.

आई आमच्यामधून कपाटाशी गेल्या. त्यांनी एक खण ओढला, मग दुसरा, मग तिसरा. मूठभर रेझिस्टर तळहातावर घेतले.

"हे सगळे सारखेच?"

"हो, आई. दहा के."

"किती आहेत?"

"शंभर असतील."

"शंभर," त्या म्हणाल्या. दिरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "याचे शंभर ठेवलेत. आणि ह्यांचा आवाज एकच ठेवलात? तुम्ही दोघं इतके हुशार, दुसरा कुठे काढून ठेवावा, हे एकालाही सुचलं नाही?"

त्यांनी रेझिस्टर परत खणात टाकले, दहा केच्याच, आणि खण लावून घेतला.