एकास एकशे साठ

जयपूरच्या जवाहर नगरात ताप आलेल्या माणसाला आधी सर्जेराव भेटत आणि मग डॉक्टर. सरकारी विमा कंपनीच्या क्लेम विभागात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती, त्यातली शेवटची नऊ जयपुरात. तेवढ्या काळात माणसाच्या तोंडापेक्षा कागदावर विश्वास ठेवायचा, ही सवय त्यांच्या हाडात मुरली होती. कुणी म्हणालं, "सर्जेरावजी, अंग दुखतंय," की ते म्हणायचे, "दुखतंय ते सोडा. रिपोर्ट कुठाय?" रिपोर्ट नसला तर ते त्या माणसाला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून मालवीय नगरातल्या लॅबमध्ये नेत. आपल्याला ताप आहे की नाही, हे त्या बिचाऱ्याला लॅबमध्ये पोचेपर्यंत विसरायला झालेलं असे. सर्जेरावांची स्कूटर चालवण्याची पद्धतच तशी होती.

लॅबमध्ये ते एकच तपासणी मागायचे. वायडल. टायफॉइडची. बाकीच्या तपासण्यांचे आकडे लांबलचक आणि कंटाळवाणे असत, हिचा आकडा कसा रुबाबदार होता. एकास ऐंशी, एकास एकशे साठ, एकास तीनशे वीस. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटताना ते हे आकडे नातवंडांच्या मार्कांसारखे सांगायचे. "हणमंतरावांना एकशे साठ निघाला होता. मी वेळेवर नेलं म्हणून." मंडळातल्या निम्म्या लोकांना टायफॉइड सर्जेरावांनीच मिळवून दिला होता. आणि सगळे बरे झाले होते, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला कुणाजवळ मुद्दाच नव्हता.

गणपती उठले आणि थोड्याच दिवसांनी त्यांच्या बायकोला, गिरिजेला ताप आला.

साधा ताप नव्हता. दुपारी थंडी वाजून यायचा, डोकं फुटेल असं दुखायचं, आणि गिरिजा, जी आजारी पडल्यावरही कढी कुणी बिघडवली याची चौकशी करायची, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सर्जेरावांनी तिला रिक्षात घातलं आणि लॅब गाठली. संध्याकाळी रिपोर्ट आला. ओ आणि एच अशा दोन ओळी, दोन्हींपुढे एकास एकशे साठ, आणि खाली ठळक अक्षरांत पॉझिटिव्ह.

"निघाला," सर्जेराव म्हणाले. खोटं कशाला सांगा, त्यांच्या आवाजात थोडं समाधान होतं. आता शत्रूला नाव मिळालं होतं.

कॉलनीतल्या डॉक्टरांकडे त्या संध्याकाळी दाराबाहेरपर्यंत रांग होती. सर्जेरावांनी रिपोर्ट हातात दिला आणि निदानही सांगून टाकलं. डॉक्टरांनी कागद पाहिला, गिरिजेची जीभ पाहिली, पोट दाबलं आणि टायफॉइडची इंजेक्शनं लिहून दिली. "सकाळ-संध्याकाळ. ताप लगेच उतरणार नाही. टायफॉइडमध्ये औषध लागू पडलं तरी चार-पाच दिवस घेतो. घाबरू नका."

हे वाक्य अगदी खरं होतं. पुढे जे झालं ते या खऱ्या वाक्याच्या आधारानेच झालं.

पहिले दोन दिवस ताप उतरला नाही. सर्जेराव म्हणाले, चार-पाच दिवस घेतो. तिसऱ्या दिवशी गिरिजेला कोरडा खोकला सुरू झाला. सर्जेराव म्हणाले, पंख्याखाली झोपते, दुसरं काय. कमरेला काहीतरी झोंबतंय का, म्हणून त्यांनी विचारलं, कारण ती परकराची नाडी सारखी सैल करत होती. "नाडी काचली असेल," ती म्हणाली. "दुखत नाही काही." त्यांनी न पाहताच खोबरेल तेलाची बाटली तिच्या हातात दिली.

त्यांची मुलगी अनुश्री कॉलेजातून आली की आईच्या कपाळावर हात ठेवायची आणि बापाकडे पाहायची. शाळेपासून जयपुरात वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी मधूनच हिंदीच्या गल्लीत शिरायचं.

"बाबा, आईचा श्वास बघा ना. मतलब, ती बोलताना मधे थांबते."

"ताप आहे. थांबणारच."

"दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू."

"कशाला? रिपोर्ट आहे ना आपल्याकडे."

"ऑफिसात तुम्ही एका कागदावर कुणाचा क्लेम पास करता का?"

सर्जेरावांनी तो रिपोर्ट पुन्हा उघडला आणि आरशात पाहावं तसा पाहिला. एकशे साठ तिथेच होता, ठळक आणि खात्रीचा. फक्त खाटेवरचं माणूस त्या आकड्याप्रमाणे वागत नव्हतं.

पण मुलीच्या शब्दांनी एक वेगळीच भीती त्यांच्या मनात शिरली. घरात टायफॉइड आहे म्हणजे पाणी खराब असणार. पाणी खराब म्हणजे आपल्यालाही झाला असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः लॅबमध्ये जाऊन हात पुढे करून बसले. रिपोर्ट आला तो त्यांनी तिथेच दोनदा वाचला. ओ एकशे साठ, एच तीनशे वीस. बायकोपेक्षा जास्त.

ते घरी आले तर गिरिजेचे ओठ निळसर दिसत होते आणि ती एका दमात "पाणी" एवढाही शब्द नीट म्हणू शकत नव्हती. मग मात्र चार-पाच दिवसांचा हिशेब बाजूला राहिला. अनुश्रीने गाडी मागवली.

मालवीय नगरच्या एका खाजगी इस्पितळात डॉ. ज्ञानदा होत्या. नवरा लष्करात, पोस्टिंगवर जयपूरला, आणि त्या मंडळाच्या गणपतीला मोदक करायला यायच्या म्हणून ओळख. त्यांनी गिरिजेला सरळ आयसीयूत घेतलं, नाकाला ऑक्सिजन लावला आणि रक्त काढून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मोदकांच्या वेळचा नव्हता.

"प्लेटलेट्स खूप कमी आहेत. लिव्हरला सूज आहे, फुप्फुसात पाणी धरायला लागलंय. काय दिलंत आतापर्यंत?"

सर्जेरावांनी दोन्ही रिपोर्ट पुढे केले. "टायफॉइड आहे, डॉक्टर. तिला आहे आणि मलाही. माझा तर दुप्पट आहे. मलाही भरती करून घ्या."

ज्ञानदांनी त्यांचा रिपोर्ट पाहिला, मग त्यांना पाहिलं. "ताप?"

"नाही."

"डोकं दुखतं? पोट? जेवण जातं?"

"सकाळी दोन कचोऱ्या खाल्ल्या. काळजीने भूक लागते मला."

"मग सर्जेरावजी, तुम्हाला टायफॉइड नाही."

"पण पॉझिटिव्ह…"

"लॅबवाले रक्तातला पातळ भाग घेतात, तो पाण्याने दुप्पट, चौपट, असा वाढवत जातात आणि प्रत्येक नळीत मेलेले टायफॉइडचे जंतू टाकतात. एकशे साठ पट पातळ करूनही जंतूंचे गोळे झाले, एवढंच तो आकडा सांगतो. म्हणजे तुमच्या रक्तात त्या जंतूंना ओळखणारी प्रथिनं आहेत. ती आज झाली की तीन वर्षांपूर्वी पाणीपुरीची पताशी खाऊन झाली, हे त्यावर लिहिलेलं नसतं. इथल्या कितीतरी धडधाकट माणसांचा आकडा असाच निघेल. आणि दुसराच कुठला ताप आला तरी जुनी प्रथिनं कधीकधी वर उसळतात. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा तपासून आकडा चौपट झाला असता, तर थोडा अर्थ लागला असता. खरं म्हणजे इंजेक्शन सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर हवं होतं, जंतू प्रत्यक्ष वाढतात का ते पाहायला. आता केलं आणि त्यात काही उगवलं नाही, तरी टायफॉइड नव्हता असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. औषधाने जंतू लपतात."

नऊ वर्षं सर्जेराव प्रसादाबरोबर जे आकडे वाटत होते, त्यांतले खरे किती, हा विचार त्यांना चाटून गेला आणि त्यांनी तो पुढे सरकू दिला नाही. त्यांना एकच विचारायचं होतं.

"मग तिला काय झालंय?"

"तेच शोधतेय. महिनाभरात बाहेरगावी? शेतात, डोंगरात?"

"कुठे जाणार? घर आणि मंडळ."

अनुश्री म्हणाली, "आई दुर्वा आणायला गेली होती. गणपतीत रोज. मागे डोंगराच्या पायथ्याशी, झाडीत. गवतात बसून निवडायची, कारण घरी आणल्या की बाबा झाडू मारायला लावतात."

ज्ञानदा तडक आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी अनुश्रीला आत बोलावलं. काचेतून सर्जेरावांना एवढंच दिसलं, की नर्सने गिरिजेला कुशीवर केलं, आणि डॉक्टर कमरेपाशी वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

अनुश्री बाहेर आली ती पांढरीफटक. "नाडीच्या खाली काळी खपली आहे, बाबा. सिगरेटने भाजल्यासारखी. भोवती लाल."

"स्क्रब टायफस," ज्ञानदा मागून म्हणाल्या. "गवतात डोळ्यांना न दिसणारा एक किडा असतो, त्याचं पिल्लू चावतं. कपडा जिथे घट्ट बसतो तिथे. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कुणी पाहत नाही. त्याची रक्ततपासणी पाठवलीय, पण तिची वाट पाहणार नाही. खपली आहे, गवत आहे, ताप आहे, फुप्फुस आहे. डॉक्सिसायक्लिन सुरू केलंय."

"आणि इंजेक्शनं? एवढी दिली ती?"

"त्या जंतूवर ती चालत नाहीत."

आयसीयूच्या बाहेर लोखंडी खुर्च्या होत्या. सर्जेराव त्यांतल्या एकीवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणालाही आपण होऊन काही सांगितलं नाही. फोन वाजत होता. मंडळातले लोक विचारत होते, वहिनींचा आकडा किती. ते फोन उलटा ठेवत होते. आतल्या यंत्राची टिकटिक काचेतून ऐकू येत नव्हती, पण हिरवी रेघ दिसत होती, आणि ते तिच्याकडे असे पाहत होते की जणू पापणी लवली तर ती रेघ सुटेल. संध्याकाळी ऑक्सिजन वाढवून मास्क लावावा लागला. डॉक्टरांनी कृत्रिम श्वासाच्या यंत्राबद्दल संमती विचारली. सर्जेरावांनी सही केली. हजारो क्लेमचे कागद तपासलेल्या त्या माणसाने हा कागद वाचलाही नाही. अनुश्रीने तो धरून ठेवला होता.

यंत्र लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ताप पहिल्यांदा खाली आला. त्यानंतरच्या सकाळी गिरिजेने डोळे उघडले, पण ऑक्सिजनचा मास्क तसाच होता आणि तिचा श्वास अजून धाप लागल्यासारखा होता.

"आता वाचली ना?" सर्जेरावांनी ज्ञानदांना विचारलं.

"ताप उतरलाय. फुप्फुसं अजून माझ्या बाजूने नाहीत. आणखी काही दिवस सांगता येणार नाही."

"ते इंजेक्शनांचे दिवस… ते नसते गेले तर?"

ज्ञानदांनी त्यांना बरं वाटेल असं काही सांगितलं नाही. "तर ती इथे नसती आली," त्या म्हणाल्या. "घरी गोळ्यांवर बरी झाली असती. बहुतेक."

सर्जेराव आत गेले. गिरिजेने मास्क थोडा सरकवला. आवाज इतका बारीक की त्यांना कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"अहो, टायफॉइड… उतरला का?"

त्यांनी तिचा हात हातात घेतला. मनगटावर सुयांनी काळंनिळं झालं होतं.

"टायफॉइड नव्हता, गिरिजा," ते म्हणाले. "माझी चूक झाली. मी तुला उशिरा आणलं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. रागावली की नाही ते मास्कमुळे कळेना. मग तिने मास्क पुन्हा नाकावर ओढला, कारण एवढं बोलण्यानेच तिचा दम संपला होता, आणि सर्जेराव तिची छाती वर-खाली होते का ते पाहत, पुढचा श्वास येईपर्यंत स्वतःचा श्वास धरून उभे राहिले.