समोरच्या घरी डबा

पत्र मी चार वेळा लिहिलं. मुलगी कॉलेजसाठी बाहेरगावी गेली होती, नवरा सकाळी आठला बाहेर पडायचा आणि परळच्या आमच्या नव्या इमारतीत दुपार संपता संपायची नाही. स्वयंपाक मला येतो. म्हणून महिन्याच्या बोलीवर डबे द्यायचं ठरवलं. आधी खाद्यपदार्थ विकण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी ऑनलाइन करून घेतली, मग सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "करा की. फक्त लिफ्टपाशी डबे ठेवून जाऊ नका."

मग सोसायटीच्या ग्रुपवर पत्र टाकलं.

"सर्व शेजाऱ्यांना नमस्कार. पुढच्या महिन्यापासून मी घरगुती डबा सुरू करत आहे. सोमवार ते शनिवार. चार पोळ्या, भाजी, आमटी किंवा उसळ, भात. बुधवारी आणि शुक्रवारी हवी असल्यास मासळी, ती वेगळ्या भांड्यांत होईल. ऑफिसला नेणाऱ्यांना सकाळी साडेसातला, घरी जेवणाऱ्यांना साडेबाराला. पैसे महिन्याच्या सुरुवातीला. डबा नको असेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत कळवावं, तो दिवस पुढच्या महिन्यात वळता करीन. ज्यांना नोकरीमुळे वेळ नाही किंवा वयामुळे आता स्वयंपाक झेपत नाही, त्यांना उपयोग होईल."

दुसऱ्या दिवसापासून विचारणा सुरू झाली. नवव्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याने दोन डबे लावले. कुणी तिखट कमी सांगितलं, कुणी कांदा-लसूण नको. मी खुश होते.

फक्त समोरच्या काकू बोलेनाशा झाल्या. जुन्या चाळीत आमची खोली त्यांच्या खोलीला लागून होती, चाळ पाडून ही इमारत उभी राहिल्यावर दारं समोरासमोर आली. माझं बाळंतपण झालं तेव्हा महिनाभर त्यांनीच मला जेवू घातलं होतं. आता दारात दिसल्या तरी "येते गो" म्हणून आत जायच्या. दाराला कडी लागायची.

"तू पैसे घेऊन जेवण देणार, ते आवडलं नसेल त्यांना," नवरा म्हणाला.

मलाही तेच वाटत होतं. त्यांच्याकडे वाटी पाठवताना कधी हिशेब केला नव्हता, आणि आता मी ग्रुपवर पैशांचं लिहीत होते. पहिल्या महिन्याचे डबे सुरू झाले, लोकांना आवडले, तरी जिन्यात त्यांची चाहूल लागली की माझा जीव खालीवर व्हायचा.

शेवटी एका दुपारी डबे देऊन झाल्यावर मी त्यांची बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत.

"काकू, माझं काय चुकलं ते सांगा."

"तू लिहिलंस ना, वयामुळे ज्यांना झेपत नाही. सगळ्या बिल्डिंगला कळलं कोणाबद्दल ते."

ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या मजल्यावरचे एकटे राहणारे आजोबा होते. काकूंचं नाव माझ्या मनातही नव्हतं. तसं सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदराखालचा उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता.

"पावसाळ्याआधीपासून असं आहे. लाटणं धरवत नाही. ह्यांना रोज खिचडी, नाहीतर पाव. ते काही बोलत नाहीत. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. मला वाटलं, तुला कळलंय आणि तू गावभर सांगितलंस."

"मला काही माहीत नव्हतं हो."

"खरंच नव्हतं?"

"देवाशपथ."

काकू दारातून बाजूला झाल्या. मी आत गेले. आतून काकांनी विचारलं, "कोण आलंय?" काकू म्हणाल्या, "आपली शेजारीण." इतक्या दिवसांनी ते ऐकून मला रडूच आलं. काकूंनी मला पाण्याचा ग्लास आणायला पाठवलं आणि स्वतः खुर्चीवर बसल्या.

"दोन डबे लाव," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी बांगडा. भात जरा मऊ कर, ह्यांचे दात गेलेत."

"तुमच्याकडून पैसे कसे घेऊ?"

"घ्यायचेच. वाटी वेगळी, डबा वेगळा. फुकट दिलास तर मला तुझ्या जेवणाला नावं ठेवता येणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी समोर दोन डबे घेऊन गेले. काकांनी दारातच एका डब्याचं झाकण उघडून पोळी चाचपून पाहिली. "मऊ आहे," म्हणाले आणि डबा घेऊन आत गेले. काकू मागून ओरडल्या, "अहो, हात धुवा आधी!" मी घरी आले आणि कित्येक दिवसांनी माझं ताट नीट वाढून घेतलं.